खरेदीखताचा मसुदा कलमवार वाचायला मदत हवी: औसा तालुका, दोन एकर, सामाईक विहीर

शेतशिवार_औसा

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमच्या भावासाठी 81 आर, म्हणजे दोन एकर जमीन घेत आहोत. दर आरला 45,000, एकूण 36 लाख 45 हजार. दोन लाख इसार चेकने दिला आहे. खरेदीखताचा मसुदा काल मोबाइलवर आला आणि पुढच्या आठवड्यात नोंदणी धरली आहे. सातबारा, आठ अ, फेरफार काढले आहेत. दस्त कसा वाचायचा, कुठं थांबायचं, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. गट नंबर बदलून आणि नावं काढून महत्त्वाचा मजकूर देतो.

हकीकत: "सदर जमीन मला माझे वडील मयत झाल्याने वारसाहक्काने मिळाली असून माझे व माझे बंधूंचे आपसात वाटणी होऊन निम्मे क्षेत्र माझे हिश्श्यास आले आहे. सदर जमीन माझे एकट्याचे मालकी, कब्जेवहिवाटीची आहे."

मिळकतीचे वर्णन: "गट नंबर 214, एकूण क्षेत्र 3 हेक्टर 24 आर, पैकी माझे नावे 1 हेक्टर 62 आर, पैकी विक्रीचे क्षेत्र 0 हेक्टर 81 आर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सदर गटातील बंधूंची जमीन, दक्षिणेस गट नंबर 215, उत्तरेस लिहून देणार यांची उर्वरित जमीन. यासी जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह."

हमी आणि तोशीस: "सदर जमीन निर्वेध व निजोखमी असून कोणी हक्क, हितसंबंध दाखविल्यास त्याचे निवारण मी स्वखर्चाने करून देईन, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही."

विहीर उत्तरेच्या भागात आहे. तिच्यात आपला निम्मा हिस्सा, असं बोलणं झालंय.

बांधावरचा

दादा, सातबारा नावावर आहे, तोशीसचं कलम आहे, आणखी काय पाहिजे? कुणी आडवं आलं तर निस्तरायचं त्यानं कबूल केलंय. आमच्या शिवारातले सगळे दस्त असेच आहेत. जास्त खोदत बसाल तर माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकील. दर बरा मिळालाय तुम्हाला.

दस्तलेखक_उदगीर

मी तीस वर्षांहून अधिक दस्त लिहिले, आता काम थांबवलं आहे. हा मसुदा मी शेवटून वाचणार नाही, कारण तोशीस कलमाचा जोर हकीकतीत जे लिहिलं असेल त्यावर असतो.

हकीकतीत तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही अर्धी आहेत. वडील कधी वारले ते नाही. वारस किती ते नाही. "आपसात वाटणी" कोणत्या कागदाने झाली ते नाही. सगळे फेरफार काढलेत ना? वडिलांच्या नंतरचा वारसाचा फेरफार आणि त्याच्या लगेच पुढचा, हे दोन उघडा आणि त्यात किती नावं लागली होती ते इथं लिहा. आमच्या भागात बहुतेक वेळा वारसाच्या फेरफारात मुली लागलेल्या असतात आणि पुढच्या फेरफारात कमी झालेल्या असतात. त्या कशाच्या आधारे कमी झाल्या, हा या दस्तातला पहिला प्रश्न.

शेतशिवार_औसा

काका, अगदी तसंच आहे. वडील 2009 मध्ये वारले, आई त्यांच्या आधीच गेलेली. वारसाच्या फेरफारात दोन मुलं, दोन मुली. 2010 च्या फेरफारात लिहिलंय, "बहिणींनी समक्ष हजर राहून जबाब दिला की त्यांना हिस्सा नको, सबब नावे कमी केली." नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेख कुठंच नाही.

माजलगावची_लेक

या जबाबावर मला बोलायचंय. माझ्या वडिलांच्या नंतर भावानं "वारसा लावायचाय, सही कर" म्हणून बोलावलं. तलाठ्यापुढं कागद वाचून कुणी दाखवला नाही. दोन वर्षांनी कळलं की त्या सहीनं माझं नाव सातबाऱ्यावरून गेलं. मी दावा केला आहे, चालू आहे. ज्यानं जमीन घेतली तो बिचारा माझ्याकडे येऊन म्हणतो, ताई मला काय माहीत, माझ्या दस्तात तर एकट्याची मालकी लिहिली होती. त्याच्या दस्तातलं तोशीसचं कलम मला लागू नाही, कारण त्यावर माझी सही नाही. तुम्ही त्या दोघींना घरी जाऊन भेटा. त्यांना खरंच हिस्सा नको असेल तर त्या सही करतील. हवा असेल तर तो आजच कळलेला बरा.

बांधावरचा

ताई, तुमचं वेगळं असेल. इथं 2010 चा फेरफार आहे, बारा वर्षं कधीच उलटली. हक्क संपला त्यांचा. आणि समजा नाही संपला, तरी हिशेब करा. चार वारस, 3 हेक्टर 24 आर, एकेकाला 81 आर. हा गडी 81 आरच विकतोय. म्हणजे स्वतःचाच हिस्सा विकतोय. भिण्याचं कारण काय?

परभणीचा_वकील

हिशेब बरोबर केलात. वडील 2009 मध्ये, म्हणजे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वारले. जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांची स्वकष्टाची धरा, या घरात चौघांना पाव पाव हिस्साच येतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे.

हिस्सा 81 आर आहे, पण तो कुठला 81 आर हे ठरलेलं नाही. बहिणींनी वाटपाचा दावा लावला आणि त्यांचा हिस्सा मान्य झाला, तर सगळा गट पुन्हा वाटायला निघेल. तुमचा विकणारा आज रस्त्यालगतचा तुकडा देतोय. वाटपात तो त्याच्याकडेच जाईल याची खात्री नाही. शक्य असेल तिथं न्यायालय विकलेला तुकडा विकणाऱ्याच्या हिश्श्यात टाकायचा प्रयत्न करतं, कारण घेणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात. पण रस्त्याकडचं आणि विहिरीजवळचं रान एकट्याला आणि मागचं माळरान बहिणींना, असं वाटप मागितलं तर बहिणी हरकत घेणारच. तुम्ही 45,000 चा दर रस्त्याकडच्या रानाचा दिलाय.

आता बारा वर्षं. ती फेरफाराच्या तारखेपासून आपोआप मोजत नाहीत. आपल्याला हिश्श्यातून वगळलं आहे हे बहिणीला कळल्यापासून मोजतात, आणि सहहिस्सेदाराचा नुसता ताबा म्हणजे विरोधी ताबा नव्हे. इथं जबाबावर त्यांची सही आहे, म्हणून भाऊ म्हणतील की त्यांना तेव्हाच माहीत होतं. शिवाय ही घरगुती तडजोड होती आणि फेरफार फक्त तिची नोंद होती, असंही ते म्हणतील. अशी मांडणी न्यायालयात काही वेळा टिकते. बहिणी म्हणतील की स्थावरातला हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो, तलाठ्यापुढचा जबाब पुरत नाही. त्यांची बाजू मला जड वाटते. पण निकाल काय लागेल हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

सिडकोकर

मी संभाजीनगरला फ्लॅट घेतोय. बिल्डरच्या करारात कार्पेट एरिया आणि पार्किंग वेगळं लिहिलंय. ते पण मिळकतीच्या वर्णनात येतं का? आणि दोन एकराला सोसायटीचा मेंटेनन्स कसा लागतो?

दस्तलेखक_उदगीर

सिडकोकर, इथं शेतजमिनीचं चाललंय, इथली सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी सोसायटी. तुमच्या करारासाठी वेगळा धागा काढा. पार्किंगचा नंबर मात्र वर्णनातच लिहून घ्या.

शेतशिवार, सोसायटीचं निघालंच म्हणून विचारतो, इतर हक्कात बोजा आहे का? "निर्वेध" हा शब्द दस्तात आहे आणि सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आहे, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

शेतशिवार_औसा

आहे काका. विविध कार्यकारी सोसायटीचा 1 लाख 80 हजार. ते म्हणतात, खरेदीच्या पैशातून फेडतो.

दस्तलेखक_उदगीर

मग "निर्वेध" हे विधान आज खोटं आहे. ती रक्कम त्यांच्या हातात देऊ नका. सोसायटीच्या नावानं चेक काढा, बेबाकी दाखला घ्या, चेक नंबरासह मोबदल्याच्या कलमात लिहा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार बघूनच नोंदणीला जा. हे लवकर उरकतं.

वर्णनाच्या कलमाला वेळ लागेल. वकीलसाहेबांनी "कुठला 81 आर" विचारलं ते बहिणींमुळे. मला तोच प्रश्न चतुःसीमेमुळे पडलाय. चारपैकी एकच बाजू पक्की आहे, दक्षिणेची. पश्चिमेला भावाची जमीन आणि उत्तरेला स्वतःची उर्वरित जमीन. या दोन्ही रेषा कागदावरच्या आहेत, जमिनीवर बांध आहे का?

मोजणीतला_माणूस

आणि पूर्वेचा "रस्ता" कोणता आहे? गावनकाशावर तुटक रेषेनं दाखवलेला गाडीमार्ग, पाऊलवाट, की शेजाऱ्याच्या रानातून पडलेली चाकोरी? भूमी अभिलेखमधून नकाशाची नक्कल घ्या आणि बघा. नकाशावर नसेल तर "पूर्वेस रस्ता" लिहून रस्ता तयार होत नाही. तो शेजारी या दस्तात सही करत नाही, मग त्याच्या रानातून तुमचा हक्क कसा येईल?

दुसरं, एकदा टेप लावा. 81 आर म्हणजे 8,100 चौरस मीटर. चौकोनी असेल तर 90 मीटर बाय 90 मीटर भरायला पाहिजे.

शेतशिवार_औसा

आज सकाळी भाऊ आणि विकणारे दोघं टेप घेऊन गेले होते. त्यांनी दाखवलेल्या खुणांप्रमाणे रस्त्याच्या बाजूनं 60 मीटर, आत 120 मीटर. उत्तरेला दगड मांडलाय, पश्चिमेला जुना बांध आहे. रस्ता नकाशावर नाही, गट 213 मधून येणारी बैलगाडीची वाट आहे.

मोजणीतला_माणूस

60 गुणिले 120, म्हणजे 7,200 चौरस मीटर. 72 आर. नऊ आर कमी. तुमच्या दरानं 4 लाख 5 हजार.

ही टेपची मोजणी आहे, बाजू काटकोनात नसतील तर थोडा फरक पडेल. पण नऊ आरचा फरक त्यानं झाकला जात नाही. पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, सगळ्यांसमोर खुणा पडतात आणि 'क' प्रत मिळते. दस्ताला ती जोडता आली तर उत्तमच.

बांधावरचा

मालक, दस्तात 81 आर लिहिलंय ना, मग 81 आर द्यावंच लागेल. कमी भरलं तर उत्तरेचा दगड सरकवायचा.

परभणीचा_वकील

त्याची उरलेली जमीन उत्तरेलाच आहे म्हणून तुमचं म्हणणं या दस्तात चालून जाण्यासारखं आहे. "उर्वरित जमीन" ही सीमा सरकती आहे, तिथं क्षेत्राचा आकडा जड पडू शकतो. पण दस्तात कुणी "उत्तरेस रोवलेला दगड, पश्चिमेस जुना बांध" असं लिहिलं, तर चित्र उलटतं. चतुःसीमा जमिनीवर पक्क्या दाखवता येत असतील आणि क्षेत्राशी जुळत नसतील, तर साधारणपणे चतुःसीमा धरतात. मग तुमच्या हाती 72 आर येतं आणि 81 चे पैसे गेलेले असतात.

म्हणून दोन्ही लिहा. चारी बाजूंची लांबी मीटरमध्ये, आणि त्याच्याखाली एक वाक्य: "मोजणीअंती क्षेत्र कमी भरल्यास लिहून देणार हे लगतच्या उत्तर बाजूच्या जमिनीतून भरून देतील, अथवा दर आर 45,000 रुपयांप्रमाणे रक्कम परत करतील." कुठला पर्याय निवडायचा हा अधिकार घेणाऱ्याकडे आहे, हेही त्यातच आलं पाहिजे.

खासरापत्रक

जरा मागं जातो. मराठवाड्यात हकीकत वडिलांपासून सुरू करून भागत नाही. आजोबांकडे जमीन कशी आली? 1954-55 चं खासरापत्रक काढा. त्यात कुळाचा रकाना बघा. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली कुळ म्हणून मिळालेली जमीन असेल, तर 50-ब कलमाचा अटकाव येतो. 2014 च्या दुरुस्तीनंतर, मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या 40 पट नजराणा भरून विकता येतं, पण भरल्याचं चलन तरी दिसलं पाहिजे. मदतमाश किंवा खिदमतमाश इनाम असेल तर प्रकरण आणखी वेगळं. आमच्याकडचा जुना कागद उर्दूत होता, वर फसली सन. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. वाचणारा शोधायला परभणीला जावं लागलं, पण जमीन इनामाची नाही हे त्यातूनच कळलं.

शेतशिवार_औसा

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे. खासरापत्रकासाठी तहसीलला अर्ज देतो.

एक मात्र राहिलं होतं. मसुद्याच्या शेवटच्या पानावर, साक्षीदारांच्या वर, बारीक अक्षरात हे आहे: "लिहून घेणार यांनी मालकी हक्क, क्षेत्र व चतुःसीमेची स्वतः खात्री करून घेतली असून त्याबाबत भविष्यात लिहून देणार यांचेविरुद्ध कोणतीही तक्रार करणार नाहीत."

दस्तलेखक_उदगीर

हे आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही! हे वाक्य तिसऱ्या पानावरचं तोशीसचं कलम पोकळ करतं. तिथं तो म्हणतो, हक्क दाखवणारा आला तर मी निस्तरतो. इथं तुम्ही म्हणता, हक्काबद्दल मी तक्रार करणार नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्याची मालकीची हमी न लिहिताही गृहीत धरतात, कलम 55 मध्ये. पण ती "उलट करार नसेल तर" आहे. हे वाक्य म्हणजे उलट करार झाला असं तो उद्या म्हणू शकतो. अख्खं वाक्य काढून टाका. काढायला तयार नसेल तर नोंदणीची तारीख सोडा.

आणि तोशीस नीट लिहा. "निवारण करून देईन" म्हणजे काय करील? वकील देईल? पैसे देईल? किती? आकडा आणि बाबी नावानं आल्या पाहिजेत: खरेदीची रक्कम, मुद्रांक, नोंदणी फी, दाव्याचा खर्च, आणि तुम्ही बोअर पाडलं, ठिबक केलं तर त्याचा खर्च. "मी व माझे वारस" असं लिहा. आज "तुम्हांस" आहे, तिथं "तुम्हांस व तुमचे वारसांस" करा.

एवढं करूनही तोशीस म्हणजे एका माणसाचा शब्द. तुमचे पैसे घेऊन त्यानं पोरीचं लग्न केलं, कर्ज फेडलं, तर हुकूमनामा घेऊन जप्तीला कशावर जाणार? म्हणून बहिणींच्या सह्या हा खरा उपाय, तोशीस त्याच्या मागची.

माजलगावची_लेक

सह्या कोणत्या जागी? भावाच्या दस्तात "संमती देणार" म्हणून अंगठा घेतात आणि मोबदल्यातला रुपया देत नाहीत, हेही होतं.

परभणीचा_वकील

ताईंचा प्रश्न रास्त आहे. यावर माझं आणि काकांचं कदाचित जुळणार नाही. संमती देणाऱ्याच्या सहीचा अर्थ "हरकत नाही" एवढाच निघू शकतो. तिचा हिस्सा त्या दस्तानं हस्तांतरित झाला असं ठामपणे म्हणायचं तर ती "लिहून देणार" मध्ये हवी, आणि तिला किती रक्कम कोणत्या चेकनं मिळाली हे लिहिलेलं हवं. मी तसंच करायला सांगतो.

दस्तलेखक_उदगीर

मी आधी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यायचो, वडिलोपार्जित मिळकतीत मुद्रांक नाममात्र लागतो. मग त्याचा फेरफार, मग खरेदी. त्यानं हकीकत सरळ होते, पुढच्या गिऱ्हाइकालाही वाचता येते. पण बहिणींना पैसे द्यायचे असतील तर साहेबांची पद्धत चांगली, हे मान्य.

आता विहीर. "जल, तरू, तृण" वाचून समाधान मानू नका. ते विकलेल्या 81 आरच्या आत जे आहे त्याचं. विहीर उत्तरेला, विकलेल्या क्षेत्राबाहेर. या मसुद्याप्रमाणे तुमचा तिच्यात थेंबाचाही हक्क नाही. वर्णनात वेगळा परिच्छेद घाला: गट 214 मधील लिहून देणार यांच्या उर्वरित क्षेत्रातील विहिरीत आठ आणे हिस्सा, स्वतःची मोटार बसवण्याचा, पाइपलाइन टाकण्याचा आणि दुरुस्तीसाठी जाण्या-येण्याचा हक्क, आणि पाण्याची पाळी. दिवसा लाइट कुणाच्या वाट्याला, रात्री कुणाच्या, हेही लिहा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की भांडण तिथंच होतं. वीज कनेक्शन कुणाच्या नावावर राहणार तेही. नंतर इतर हक्कात विहिरीच्या हिश्श्याची नोंद लावून घ्या.

बांधावरचा

विहिरीचं पटलं बुवा. आमच्यात पाळीवरून चुलत्यांचं तोंड बघणं बंद झालंय. पण हे सगळं लिहायला गेलं तर दस्त दहा पानांचा होईल.

शेतशिवार_औसा

होऊ द्या. काल विकणाऱ्यांशी बोललो. शेवटचं वाक्य काढायला आणि विहिरीचा परिच्छेद घालायला ते तयार आहेत. सोसायटीचा चेक थेट देऊ. धाकटी बहीण निलंग्याला असते, तिनं फोनवर हो म्हटलंय. थोरली म्हणाली, "जमीन विकायची तर माझ्या हिश्श्याचे पैसे आधी, मग सही." त्यावर भाऊ चिडलेत. ते म्हणतात, मी माझाच 81 आर विकतोय, तिचा हिस्सा उरलेल्यात आहे, तिनं तिथं घ्यावा.

परभणीचा_वकील

भावाचं म्हणणं लिहून घ्या आणि त्यावर थोरलीला सही करायला सांगा. म्हणजे असं: चौघांचं नोंदणीकृत वाटणीपत्र, त्यात रस्त्याकडचा 81 आर याच्या वाट्याला, बाकीचे तीन हिस्से नकाशासह बाकी तिघांना. मग तिला तुमच्याकडून पैसे मागायचं कारणच उरत नाही आणि तुमच्या दस्ताला तिची सही लागत नाही. अडचण एवढीच की विहीर कुणाच्या वाट्यात जाते. ती आज उत्तरेच्या भागात आहे. तो भाग थोरलीला गेला तर तुमचा आठ आणे हिस्सा तिच्या कबुलीनं वाटणीपत्रातच यायला हवा.

मोजणीतला_माणूस

आणि वाट. वाटणीत मागचे हिस्से जातील कुठून? तुमच्या रस्त्याकडच्या रानातूनच ना? बाकी तिघं तुमच्याकडून वाट मागतील. किती फुटांची आणि कोणत्या बांधानं, हे आत्ताच ठरवा, नाहीतर 81 आरमधून आणखी दोन-तीन आर वाटेत जाईल. आणि गट 213 मधल्या चाकोरीचं अजून तसंच आहे. त्या शेजाऱ्याला भेटलात का?

शेतशिवार_औसा

नाही भेटलो अजून. तो गावात नसतो, पुण्याला असतो. नोंदणीची तारीख सोडली आहे, मोजणीचा अर्ज उद्या भरतो. थोरल्या बहिणीकडे रविवारी मी आणि आमच्या आई जाणार आहोत. ती काय म्हणते ते इथं लिहीन.

माजलगावची_लेक

जाताना फेरफाराची नक्कल न्या आणि तिला वाचून दाखवा. तिनं 2010 ला तो कागद वाचला होता का, हे तिलाच विचारा.